आधी डोळे, कान आणि चार पेपर. मग विमान शाळेची फी

व्यापारात माल पाहिल्यावाचून कोणी बयाणा देत नाही. गाळा घ्यायचा तर आधी सातबारा किंवा सोसायटीचा दाखला पाहतात, जुनी मशीन घ्यायची तर ती चालवून पाहतात. पण मुलाला वैमानिक करायचे ठरले की हाच चोख व्यापारी विमान शाळेच्या कार्यालयात बसून पंधरा लाखांचा पहिला हप्ता देऊन येतो. मुलगा वैमानिक होण्यास शरीराने पात्र आहे की नाही आणि परीक्षेस टिकेल की नाही, हे त्याने तोवर तपासलेलेच नसते. खोपट, राबोडी, मुंब्रा, कल्याण आणि भिवंडी या पट्ट्यातील आपल्या कारागीर व दुकानदार बांधवांची मुले आता या क्षेत्राकडे वळू लागली आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही एकाच मुद्द्यावर लिहिणार आहोत. खर्चाचा मोठा भाग उड्डाणाचा आहे. परवाना अडवणाऱ्या दोन गोष्टी मात्र वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा या आहेत. या दोन्ही तुलनेने स्वस्त आहेत आणि एक तासही विमान न उडविता पार पाडता येतात.

परवाना कशावर मिळतो

प्रवासी विमानात पगारी वैमानिक होण्याची पहिली पायरी म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवाना. त्याला सर्वजण सीपीएल म्हणतात. तो दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. विमान शाळा परवाना देत नाही, ती फक्त उडवायला शिकविते. हा फरक पालकांनी पक्का लक्षात ठेवावा, कारण फी शाळेच्या हातात जाते आणि निर्णय डीजीसीएच्या हातात राहतो.

डीजीसीएला तीन गोष्टी लागतात. पहिली, वर्ग एक म्हणजे क्लास वन वैद्यकीय पात्रता. दुसरी, लेखी परीक्षा. तिसरी, २०० तासांचे उड्डाण. त्यात १०० तास स्वतः प्रमुख म्हणून उडविलेले असावे लागतात आणि त्यातील किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतील असावे लागतात. उड्डाणाच्या चाचण्याही अशाच ताज्या असाव्या लागतात. या पंधरा तासांच्या अटीकडे आम्ही पुढे परत येऊ, कारण पालकांचे पैसे बहुधा तेथेच बुडतात.

वयाची अट १८ वर्षे पूर्ण अशी आहे. बारावीला फिजिक्स व गणित हे विषय लागतात. वाणिज्य शाखेतील मुलांनी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतर दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र ते आधी द्यावेत. शाळेत नाव घातल्यावर देऊ नयेत.

पहिली पायरी: कागद

हे लहान वाटते, पण आपल्या घरांत हेच जास्त अडते. परीक्षेस बसण्यासाठी डीजीसीएकडून संगणक क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तर लागतातच, शिवाय त्या खऱ्या असल्याचा बोर्डाचा पडताळणी दाखलाही लागतो. ठाणे जिल्ह्यातील मुलांना तो राज्य मंडळाच्या वाशी येथील मुंबई विभागीय कार्यालयातून घ्यावा लागतो.

आता नावे पाहा. गुणपत्रिकेवर ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘मोहद शेख’, पासपोर्टवर ‘शैख मुहम्मद’ आणि वडिलांचे नाव कुठे आहे तर कुठे नाही. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी आढळतो. घरात सर्वांना कळते की माणूस एकच आहे, पण कार्यालयातील कारकुनाला ते कळत नाही आणि अर्ज परत येतो. म्हणून सर्वांत आधी दहावीच्या गुणपत्रिकेवरील इंग्रजी अक्षरे प्रमाण मानावीत आणि आधार व पासपोर्ट त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. यात दोन-तीन महिने जाऊ शकतात. फी भरण्याआधी हे महिने गेले तर काही बिघडत नाही. फी भरल्यावर गेले तर वसतिगृहाचे भाडे सुरू असते.

दुसरी पायरी: शरीराची तपासणी

वैद्यकीय तपासणीचे दोन वर्ग आहेत. आधी वर्ग दोन. ती डीजीसीएने नेमलेल्या खासगी डॉक्टरांकडे होते आणि मुंबई-ठाणे भागात असे डॉक्टर मिळतात. वर्ग दोनचा अहवाल डीजीसीएकडे गेला की मुलाच्या नावे वैद्यकीय फाइल उघडते आणि तिला क्रमांक मिळतो. त्यानंतर वर्ग एक. ती हवाई दलाच्या बंगळूर, दिल्ली व जोरहाट येथील केंद्रांवर किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या इतर केंद्रांवर होते. शिकाऊ परवान्यास वर्ग दोन पुरतो. शाळाही वर्ग दोनवर प्रवेश देतात आणि पैसे घेतात. परंतु सीपीएलला वर्ग एकच लागतो. सगळी गोम येथे आहे. वर्ग दोनच्या जोरावर मुलगा शंभर तास उडवू शकतो आणि मग वर्ग एकमध्ये अडकू शकतो.

वर्ग एकमध्ये डोळे, कान, हृदय, छाती, रक्त, लघवी असे सर्व पाहतात. यापैकी आपल्या वाचकांच्या कामाच्या दोन गोष्टी आम्ही सविस्तर सांगतो.

पहिली, रंग ओळखणे. चष्मा असल्याने कोणी बाद होत नाही. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने ६/९ व दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसले तर चालते, फक्त उड्डाण करताना चष्म्याचा दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो. पण जन्मजात रंगांधळेपणास चष्मा नाही आणि औषधही नाही. तांबडा व हिरवा यांत घोळ होणारा मुलगा रात्री विमानाच्या पंखावरचे तांबडे-हिरवे दिवे आणि धावपट्टीजवळचे तांबडे-पांढरे दिवे ओळखू शकत नाही. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला तो जाणवत नाही, पण मामाला किंवा नानांना असू शकतो. म्हणून आधी नानिहालात चौकशी करावी. आमच्या कारागीर बांधवांना तर याची पारख सहज करता येईल. जरीकामाच्या कारखान्यात किंवा शिलाईच्या दुकानात मुलाला रिळे आणायला सांगितली आणि तो तपकिरी व हिरवे रीळ, किंवा गुलाबी व करडे रीळ यांत वारंवार चुकत असेल, तर त्यास निष्काळजी म्हणून रागावू नका. ठाण्यातील कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन ठिपक्यांच्या आकड्यांची चाचणी करून घ्या. तिला इशिहारा चाचणी म्हणतात. पाच मिनिटांचे काम आहे. ठिपक्यांत चुकलेल्या मुलाची दिव्यांच्या यंत्रावर पुढील तपासणी होते आणि दोष सौम्य असेल तर तो पात्र ठरू शकतो. पण हे कळायचे तर ते पहिल्या आठवड्यात कळावे, शंभराव्या तासाला नव्हे.

दुसरी, कान. वर्ग एकमध्ये बंद खोलीत कानाला यंत्र लावून निरनिराळ्या स्वरांत ऐकण्याची मोजणी करतात. ५००, १००० व २००० कंपनांच्या स्वरांवर ऐकण्याची तूट ३५ डेसिबलहून जास्त नसावी आणि ३००० कंपनांच्या वरच्या स्वरावर ५० हून जास्त नसावी, असा नियम आहे. आता भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा पत्र्याच्या ठोकपीट कारखान्यात लहानपणापासून हातभार लावणाऱ्या मुलाचा विचार करा. सततच्या आवाजाने आधी बारीक, वरच्या स्वरांचे ऐकणे जाते. समोरासमोर बोलताना काहीच जाणवत नाही. खूण अशी की गर्दीत किंवा पंख्याच्या आवाजात कोणी बोलले तर तो ‘काय, काय’ असे पुन्हा विचारतो, किंवा कारखान्यातून घरी आल्यावर कानात शीळ वाजते असे सांगतो. अशा मुलाची ऑडिओमेट्री कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे आधी करून घ्यावी. त्याला त्या दिवसापासून शेडपासून दूर ठेवावे, किंवा निदान कानात बोळे घालावयास लावावे. गेलेले ऐकणे परत येत नाही, पण उरलेले राखता येते.

बाकीच्या तक्रारी बहुधा तात्पुरत्या असतात. वजन जास्त आहे, रक्तदाब भीतीने चढला, हिमोग्लोबिन कमी निघाले, मूतखडा आढळला, हर्निया आहे, अशा मुलास ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा मिळतो. उपचार करून ठरलेल्या मुदतीनंतर फेरतपासणी होते. कायम अपात्र ठरविले तरी डीजीसीएकडे मुदतीत अपील करण्याची सोय आहे. अपस्मार किंवा इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह असल्यास मात्र हा मार्ग बंदच समजावा. आजार लपवून अर्ज भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. अर्जावर सही करून खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा होतो, आणि पुढे दरवर्षी तपासणी असल्याने तो उघडही होतो. एक साधी सूचना: तपासणीची तारीख रमझानमध्ये घेऊ नये. उपाशीपोटी व जेवणानंतर अशी दोनदा साखर पाहतात आणि पाणी न पिता दिलेल्या लघवीचा नमुनाही नीट येत नाही.

चाळिशीच्या आत वर्ग एक पात्रता १२ महिने टिकते, मग ती नव्याने घ्यावी लागते. म्हणून अठराव्या वर्षी पात्र ठरलेला मुलगा जन्मभर पात्र राहील, असा अर्थ काढू नये. आज दोष नाही एवढेच ती सांगते, पण पैसे गुंतविताना एवढे तरी कळलेले असावे. केंद्रातून हाती मिळणारा कागद आणि डीजीसीएचा अंतिम निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डीजीसीएच्या ईजीसीए संकेतस्थळावर अंतिम पात्रता दिसेपर्यंत चेक फाडू नये.

तिसरी पायरी: लेखी पेपर

पेपर असे आहेत: हवाई नियम, हवाई दिशाशास्त्र म्हणजे नेव्हिगेशन, हवामान, सर्वसाधारण तांत्रिक आणि विशिष्ट विमानाचा तांत्रिक. शिवाय विमानातील रेडिओ चालविण्याची परीक्षा. ही रेडिओची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२५ पासून ती डीजीसीएकडे आली. लेखी पेपर संगणकावर, पर्यायी उत्तरांचे असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत, पण प्रत्येक पेपरात ७० टक्के मिळवावे लागतात. ६९ म्हणजे नापास. एका पेपरातील ९० दुसऱ्याच्या मदतीला येत नाहीत. नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो.

यापैकी विशिष्ट विमानाचा पेपर आधी देण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो ज्या विमानावर शिकायचे त्याच विमानाचा असतो आणि ते शाळेवर अवलंबून असते. उरलेले चार पेपर मात्र घरी राहून देता येतात. पास झालेला निकाल परवान्याच्या अर्जासाठी ५ वर्षे चालतो. तेव्हा फार आधी देऊन ठेवण्याचीही गरज नाही. फी भरण्याच्या आधीचे एक वर्ष योग्य.

या चारांत मुले अडतात ती नेव्हिगेशनमध्ये. पालकांना कल्पना यावी म्हणून एक लहान हिशेब देतो. समजा १८० मैलांचा मार्ग आहे. ६० मैल गेल्यावर वैमानिकास खालचा तलाव पाहून कळते की विमान ४ मैल उजवीकडे सरकले आहे. नियम असा की ६० मैलांत १ मैल चुकले तर १ अंशाची चूक. येथे ६० मैलांत ४ मैल, म्हणजे ४ अंशांची चूक झाली. आता ४ अंश डावीकडे वळले तर विमान मूळ मार्गाला समांतर जाईल, मुक्कामावर पोहोचणार नाही. उरलेल्या १२० मैलांत ते ४ मैल भरून काढायचे आहेत, त्यासाठी आणखी २ अंश लागतील. म्हणून एकूण ६ अंश डावीकडे. हे गणित दहावीच्या मुलालाही समजेल. पण परीक्षेत असे शंभर प्रश्न, वारा, वेग, इंधन व वेळ मिळून ठराविक मिनिटांत सोडवायचे असतात. समजणे आणि हात बसणे यांत सहा महिन्यांचा सराव असतो.

मुलगा टिकेल की नाही हे कसे ओळखावे? आमच्या मते चार पेपरांतील हवामान व नेव्हिगेशन हे दोन आधी द्यावेत. पुष्कळ शिकवणीवर्ग हवाई नियमांपासून सुरुवात करतात, कारण तो पाठांतराने निघतो आणि घरात आनंद होतो. त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. वर्षभर प्रामाणिक अभ्यास करून आणि तीन वेळा बसूनही नेव्हिगेशन साठीच्या खालीच अडकत असेल, तर पन्नास लाख घालण्याआधी घरात बसून शांतपणे विचार करावा. त्या वेळी गमावलेली रक्कम शिकवणीसह दोन-तीन लाखांच्या आसपास असते. ती टोचते, पण तेवढ्याने दुकान बंद पडत नाही.

या परीक्षेला वळसा घालता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एक प्रवासी विमान चुकीच्या पद्धतीने, पुढच्या चाकावर उतरविले गेले. चौकशीत वैमानिकाने पुढील परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे आढळले. मग इतरांचीही कागदपत्रे तपासली गेली, आणखी प्रकरणे निघाली आणि अटका झाल्या. आता परीक्षा संगणकावर असून निकाल थेट डीजीसीएकडेच असतो. ‘पेपरचे आम्ही पाहून घेऊ’ असे म्हणणारा दलाल भेटला तर तेथूनच सलाम करून परत फिरावे.

क्रम चुकला तर काय होते

आता हिशेबाचे कलम. एक कल्पित घर घेऊ. खोपट एस.टी. स्टँडजवळ गाड्यांचे सीटकव्हर शिवण्याचा कारखाना आहे. वडिलांनी गाळ्याची पागडी मोडून आणि भावांकडून कर्जे हसना घेऊन ५० लाख उभे केले. मुलगा वर्ग दोनवर विमान शाळेत दाखल झाला. वर्ग एक सुदैवाने नंतर निघाला. पेपरांचे शाळा म्हणाली, उडता उडता होतील. पण हवामान चांगले असेल तेव्हा दिवसभर धावपट्टीवर, पावसाळ्यात घरी, असा नेव्हिगेशनचा अभ्यास मागे पडला.

मार्चअखेर २०० तास पूर्ण झाले. सर्व चाचण्या झाल्या. घरी मिठाई वाटली. एप्रिलच्या परीक्षेत नेव्हिगेशनला ६६ मिळाले, जुलैत ६८. ऑक्टोबरमध्ये ७४ मिळून पास झाला. नोव्हेंबरमध्ये अर्ज करायचा तर आधीच्या सहा महिन्यांत, म्हणजे मेपासून पुढे, १५ तास प्रमुख म्हणून उडविलेले हवेत. येथे तर मार्चनंतर एक तासही नाही. चाचण्याही जुन्या झाल्या. परत शाळेत जावे लागले. सात महिने विमानाला हात न लावलेल्या मुलास कोणतीही शाळा लगेच एकट्याने सोडत नाही. आधी शिक्षकाबरोबर काही तास, मग १५ तास आणि चाचण्या. एकूण २० तास धरू. तासाला १५,००० रुपये धरले तर ३ लाख. दोन महिन्यांचे राहणे-खाणे ४०,००० धरले तर एकूण ३ लाख ४० हजार. त्यात सात-आठ महिने पगाराविना गेले. मधल्या काळात वर्ग एकची १२ महिन्यांची मुदत संपली तर तीही पुन्हा. आणि भावांना दिलेला परतफेडीचा शब्द वर्षभर पुढे गेला.

हाच मुलगा चार पेपर पास करून शाळेत गेला असता, तर मार्चमध्ये २०० तास व एप्रिलमध्ये अर्ज. नेव्हिगेशनचे तिन्ही प्रयत्न त्याने तरीही केले असते, पण ते कारखान्यात वडिलांना हातभार लावत, घरचे जेवण जेवत केले असते. फरक एवढाच, पण तो साडेतीन लाखांचा आहे.

दुसरे एक कारण आहे, ज्यावर मुलाचा काहीच ताबा नसतो. आपल्या राज्यात धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात आठवड्याभराच्या आत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे उड्डाण-प्रशिक्षण काही काळ थांबविले. कधी विमान दुरुस्तीत असते, कधी शिक्षक सोडून जातात, पावसाळा तर दरवर्षीचाच. अशा वेळी ज्याचे पेपर झाले आहेत त्याचे फक्त उड्डाण थांबते. ज्याचे राहिले आहेत त्याचे दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि पंधरा तासांचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

परदेशी पाठविणाऱ्यांसाठी

काही पालक मुलास अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंड येथे पाठवितात, कारण तेथे तास लवकर पूर्ण होतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की परदेशी परवाना आणला तरी येथे नोकरीसाठी तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी डीजीसीएचे पेपर आणि भारतीय वर्ग एक पात्रता लागतेच. तिकडच्या डॉक्टरने पात्र ठरविले म्हणून येथे पात्र असे नाही. सर्व पैसे खर्चून परतल्यावर येथील तपासणीत अडकणे, यासारखी वाईट गोष्ट नाही. तिकीट काढण्याआधी दोन्ही कामे उरकून जावे.

चौथी पायरी: पैसे

वर्ग एक हातात, चार पेपर पास, मग शाळा निवडावी. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए विमान शाळांची श्रेणी जाहीर करू लागले आहे. ती पाहावी, पण स्वतः जाऊनही यावे. विमाने किती आणि त्यातील आज उडण्याजोगी किती, शिक्षक किती, मागच्या तुकडीला २०० तासांना किती महिने लागले, हे तेथील मुलांना विचारावे, कार्यालयात नव्हे. फी एकरकमी देऊ नये. उडविलेल्या तासांप्रमाणे हप्ते मागावेत आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळेल ते लेखी घ्यावे. पेपर झालेल्या मुलाचा बाप हे मागू शकतो, कारण त्याने शिकवणीची फी आधीच वगळलेली असते आणि त्याला घाई नसते.

शेवटची एक गोष्ट हिशेबात धरून ठेवावी. सीपीएल म्हणजे नोकरी नव्हे. मोठी विमाने चालविण्यास दोन इंजिनांचे प्रशिक्षण, उपकरणांवर उडण्याचे रेटिंग आणि त्या त्या विमानाचे टाइप रेटिंग लागते, आणि त्यास पुन्हा काही लाख पडतात. हैदराबादच्या एका बेकरीत काम करणाऱ्या गृहस्थांची कन्या सय्यदा सल्वा फातिमा हिने परवाना मिळविल्यावर याच टप्प्यावर पैशाची अडचण आली आणि तेलंगण सरकारने मदत केल्यावर तिचे पुढचे प्रशिक्षण झाले. आपल्या प्रत्येक मुलास सरकारी मदत मिळेल असे नाही. म्हणून जी रक्कम परत उडण्यात वाया जाते ती येथे कामास येते. वरच्या घरातील साडेतीन लाख या टप्प्यासाठी राहिले असते.

तेव्हा क्रम असा: या महिन्यात कागदांवरील नावे आणि इशिहारा-ऑडिओमेट्री. पुढील दोन-तीन महिन्यांत वर्ग दोन आणि मग वर्ग एक. त्याच वेळी संगणक क्रमांक व अभ्यास. वर्षभरात नेव्हिगेशन, हवामान, तांत्रिक व नियम असे चार पेपर. त्यानंतरच शाळा, आणि शाळेत असताना विशिष्ट विमानाचा पेपर व रेडिओ. बहुतेक शाळांचा माणूस सांगेल की जागा भरत आल्या आहेत, आजच पैसे भरा. त्यास सांगावे की मुलाचे चार निकाल घेऊन आम्ही येतो, तोपर्यंत आमचा गल्ला आमच्याकडेच राहू द्या.